येते म्हणण्याआधी: महिनाभर राहिलेल्या घराचा निरोप कसा घ्यावा

समाजकार्याचं शिक्षण घेत असताना मी औसा तालुक्यातल्या एका गावात महिनाभर एका घरी राहिले. निघायच्या आदल्या रात्री मला प्रश्न पडला की पैसे कसे द्यायचे. तोंडाने विचारायचं धाडस होईना. शेवटी तीन हजार रुपये पाकिटात घातले, अंथरुणाच्या घडीत वाकळेखाली सरकवले आणि सकाळी एसटीत बसले. आपण फार नाजूकपणे काम उरकलं असं मला वाटत होतं.

आठव्या दिवशी त्या घरचे कर्ते बप्पा लातूरला माझ्या वसतिगृहाच्या फाटकाशी उभे होते. एका हातात तेच पाकीट, दुसऱ्या हातात दोन किलो तुरीच्या डाळीची पिशवी. चिडलेले नव्हते, ते जास्त लागलं. "आमी काय खानावळ चालवितो का माय?" एवढंच म्हणाले, चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने परत गेले.

आता मी स्वतः दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना लातूर-धाराशिवकडच्या गावांत महिनाभर राहायला पाठवते. राहायचं कसं हे त्यांना जमतं, निघताना मात्र गोंधळ होतो. कारण सगळे शेवटच्या सकाळी निरोप घ्यायला जातात, आणि त्या सकाळी तर एसटी येणार असते. निरोपाचं काम दहा दिवस आधी सुरू करावं लागतं. ते कसं, ते इथे लिहिते. रीती घराघरांत बदलतात, त्यामुळे डोळे उघडे ठेवावेत.

दहा दिवस आधी: तारीख घरात सांगा, मग तिकीट काढा

बहुतेक जण उलटं करतात. तिकीट आधी निघतं आणि घरात नंतर कळतं. मग आजी विचारतात, "कोनता वार हाय त्या दिवशी?" बुधवार असेल तर "जाशील बुधी, येशील कधी" ठरलेलं. अमावस्येलाही कुणी निघू देत नाही. तुमचा विश्वास असो-नसो, तुम्ही गेल्यावर पुढचे आठ दिवस त्या घराला घोर लागतो, आणि तो लावून जायचं काही कारण नसतं.

डिसेंबर-जानेवारीच्या मुक्कामात हमखास अडकायला लावणारा दिवस म्हणजे कर, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. माझ्या एका विद्यार्थिनीचा महिना १५ डिसेंबरला सुरू झाला आणि तिने सरळ हिशेबाने १५ जानेवारीचं रात्रीचं मुंबईचं रिझर्व्हेशन काढलं. त्या वर्षी संक्रांत १४ ला होती. आजी म्हणाल्या, "करीला घर सोडत नसतेत." तिकीट बदलायला गेली तर पुढच्या चार दिवसांत जागा नाही. मुलगी रडकुंडीला आली.

तोड आजींनीच काढली. पूर्वी मुहूर्ताचा दिवस आणि प्रत्यक्ष निघायचा दिवस जुळत नसला की 'प्रस्थान' ठेवायचे. म्हणजे चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. मग तुम्ही त्या दिवशीच निघालात असं धरतात. भोगीच्या दिवशी, १३ तारखेला, बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन झाल्यावर आजींनी तिच्या लहान बॅगेला हळदकुंकू लावलं, आत एक सुपारी आणि रुपया टाकला आणि ती बॅग समोरच्या चुलत्याच्या ढेळजेत नेऊन ठेवली. १५ ला मुलगी घरातून मोकळ्या हाताने बाहेर पडली, समोरून बॅग उचलली आणि फाट्यावर गेली. तिकीटही वाया गेलं नाही, आजींचा जीवही भांड्यात पडला.

म्हणून तारीख घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आधी विचारा. अडचण आलीच तर प्रस्थानाचा विषय तुम्हीच काढा, आजी खूश होतात.

तारीख लहान लेकरांनाही याच वेळी सांगा. पहाटे ते झोपलेलं असताना गुपचूप निघून जाणं हा मोठ्यांना सोयीचा आणि लेकराला फार वाईट प्रकार आहे. "अजून दहा झोपा, मग मी जाणार" असं सांगितलं की ते मोजायला लागतं. आमच्या बप्पांचा नातू मोजत होता. शेवटच्या सकाळी त्याने माझी एक चप्पल ज्वारीच्या कणगीमागे लपवली. ती सापडेपर्यंत गाडी गेली. तासाभराने दुसरी होती.

पैशाचं कोडं

तुम्ही दोन वेळचं जेवण, दोन-तीन चहा आणि अंघोळीचं गरम पाणी महिनाभर घेतलेलं असतं. कोरडवाहू शेतीच्या घराला तो खर्च जाणवतो. पण जाताना दारात नोटा पुढे केल्या की महिनाभर 'लेकरू' असलेले तुम्ही एका क्षणात गिऱ्हाईक होता. खर्चाची भरपाई आणि आहेर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या दिवशी, वेगळ्या हातांनी झाल्या पाहिजेत.

संस्थेने रक्कम ठरवलेली असेल तर काम सोपं आहे. ती रक्कम निघायच्या किमान आठवडाभर आधी घरच्यांच्या बँक खात्यात संस्थेकडून जमा होऊ द्या. तुमच्या हाताचा स्पर्शही तिला नको. "संस्थेचा नियम आहे, मला विचारलेलं नाही" एवढं वाक्य पुरतं. नियमाचा राग येत नाही, पाकिटाचा येतो.

काहीच ठरलेलं नसेल तर पैशाऐवजी वस्तूने द्यायचं, आणि तेही निघताना नाही. दोन मार्ग चालतात. एक म्हणजे मुक्काम चालू असतानाच दर आठवडी बाजाराला घरच्यांसोबत जाऊन तेल, साखर, चहापत्ती, साबण आणि भाजी यांतलं काहीतरी आपण घेणं. "बाजार मी करते या वेळी" म्हटलं की एखादी कुरकुर होते आणि विषय संपतो. दुसरा मार्ग म्हणजे घरात खरोखर मोडलेली किंवा कमी असलेली एक टिकाऊ वस्तू. ती काय आहे हे विचारून कळत नाही, स्वयंपाकघरात बसून कळतं. एका घरात कुकरची शिट्टी दोऱ्याने बांधलेली होती आणि झाकणाचं रबर रोज पाण्यात भिजवून ताणावं लागायचं. तिथे राहिलेल्या आमच्या विद्यार्थ्याने पाच लिटरचा कुकर आणला. शहाणपण त्याने केलं ते असं की निघायच्या पाच दिवस आधी आणला, रंगीत कागदात न गुंडाळता, आणि त्याच संध्याकाळी घरच्या बाईंना "आक्का, आज यातच वरण लावू" म्हणून धुऊन चुलीपुढे ठेवला. पाच दिवसांत तो त्या घरचा कुकर झाला. तोच कुकर शेवटच्या सकाळी खोक्यासकट दिला असता तर आक्कांनी परत बॅगेत कोंबला असता.

एक गोष्ट मात्र करू नका. वाण्याकडे त्यांची उधारी असते हे तुम्हाला दिसलेलं असतं. ती परस्पर फेडायचा मोह होतो. दुकानदार हे गावभर सांगतो आणि घराची लाज निघते. माझ्या पाकिटापेक्षा हे वाईट.

चार-पाच दिवस आधी: आहेराची खरेदी

आहेर हा मानाचा, खर्चाच्या भरपाईचा नाही. त्यामुळे तो महाग असायची गरज नाही, पण चुकीचा असू नये. घरातल्या बाईला साडी, मोठ्या पुरुषांना टॉवेल-टोपी आणि नारळ, लेकरांना खाऊ किंवा वह्या, इतकं सर्वसाधारण चालतं.

साडीत दोन ठिकाणी चूक होते. आजी नऊवारी नेसत असतील तर त्यांना सहावारी आणू नका. ऐकायला साधं वाटतं, पण दुकानात घाईत हीच चूक होते, आणि मग ती साडी सुनेच्या पेटीत जाते आणि आजींना काहीच मिळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच आज्या इरकल नेसतात. दुकानात "नऊवारी इरकल" असंच सांगा आणि काठाचा रंग आजींच्या रोजच्या लुगड्यावरून ठरवा. दुसरी चूक रंगाची. दर वर्षी "यंदा संक्रांत अमक्या रंगावर आली" अशी बोली असते आणि त्या रंगाची साडी किंवा बांगड्या त्या दिवसांत कुणी घेत-देत नाही. एका मुलाने नेमकी त्याच रंगाची साडी आणली. काकूंनी हसत घेतली आणि घडी न मोडता कपाटात ठेवून दिली. खरेदीआधी शेजारच्या बाईला "यंदा संक्रांत कशावर आलीय?" एवढं विचारलं की झालं.

घर मुस्लीम असेल तर नारळ-टोपीचा साचा तिथे बसत नाही. कापड, मिठाई, लेकरांना काहीतरी, आणि घरातल्या मोठ्यांची दुवा घेऊन निघायचं. बाकी सगळं तसंच.

आहेर निघायच्या आदल्या संध्याकाळी द्या, सकाळी नाही. दिवा लागल्यावर सगळे घरात असतात, कुणी रानात अडकलेलं नसतं. आधी देवापुढे ठेवा, मग सगळ्यात मोठ्या माणसापासून सुरुवात करून हातात द्या आणि पाया पडा. घरात विधवा आजी असल्या तर अशा वेळी त्या स्वतःहून बाजूला, दाराआड उभ्या राहतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते की पहिली साडी तिथे, दाराआड जाऊन द्यायची. तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही केलेलं खपून जातं.

शेवटचे दोन दिवस: पाणी, वाकळ आणि भावकी

तुम्ही महिनाभर वापरलेली चादर, उशीचा अभ्रा, वाकळ धुऊन द्यावी हे सगळ्यांना सुचतं. पण बऱ्याच गावांत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या भागातल्या बाईला भरलेली टाकी म्हणजे काय हे तुम्ही सांगायला नको. निघायच्या दिवशी वाकळ भिजवलीत तर तुम्ही त्यांचं दोन दिवसांचं पाणी संपवून जाता. पाण्याचा वार कोणता हे आधी पाहा आणि त्या दिवशीच धुणं काढा. वाकळ जाड असते, हिवाळ्यात वाळायला पूर्ण एक दिवस ऊन लागतं. पाण्याचा वार जुळत नसेल तर चादर-अभ्रा तेवढा धुवा आणि वाकळ दोन दिवस माळवदावर कडक उन्हात टाकून झटका.

कुणाकडून आणलेल्या वस्तू याच वेळी परत करा. शेजारून डबा आला असेल तर रिकामा देऊ नका. त्यात साखर, नाहीतर संक्रांत असेल तर तिळगूळ घाला.

मग भावकी. तुम्ही एका घरी राहिलात, पण गल्ली तुम्हाला ओळखते. कुणाला न भेटता गेलात तर बोल तुम्हाला नाही, तुमच्या घराला लागतो: "तुमच्या पोरीनं आमाला सांगितलं बी न्हाई." त्यामुळे दोन संध्याकाळी काढून ठेवा. कुठल्या घरी जायचं आणि कुठल्या नाही, हे आक्कांना विचारूनच ठरवा. बांधावरून भांडण असलेल्या घरात तुम्ही हसत चहा पिऊन आलात तर निघायच्या आदल्या दिवशी घरातली हवा बिघडते. ज्यांच्याकडे जाल तिथे चहा नाकारता येत नाही. दारातच "अर्धाच कप, कपबशीत" म्हणा. तरीही एका संध्याकाळी सहापेक्षा जास्त घरं करू नका. सातव्या घरी तुम्ही चहाकडे बघता तेव्हा चेहरा लपत नाही. मुलींना घरोघरी हळदकुंकू लागतं आणि हातावर दहा-वीस रुपये ठेवले जातात. ते घ्यायचेच. "नको, नको" दोनदा म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं.

बॅग भरताना एक रिकामी पिशवी वेगळी ठेवा आणि सहा-सात किलोंची जागा धरून चाला. शेंगा, तुरीची डाळ, ज्वारी, गूळ, लोणचं यांपैकी काहीतरी निघणारच. शेवटच्या सकाळी "एवढं कशाला, ओझं होतं" म्हणणं चांगलं दिसत नाही. त्याऐवजी दोन दिवस आधीच सहज बोलून ठेवा: "आक्का, मला लातूरला गाडी बदलायचीय, एकच पिशवी उचलेल." मग त्या ज्वारीचं पोतं न देता डाळ देतात. लोणचं काचेच्या बरणीत घेऊ नका. स्टीलच्या डब्यात, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घालून, आणि डबा कपड्यांच्या बॅगेत नव्हे तर त्या वेगळ्या पिशवीत, उभा. ओला हुरडा कितीही प्रेमाने दिला तरी लांबच्या प्रवासात टिकत नाही, बसमध्येच वाटून खा.

निघायची सकाळ

गावात मुक्कामी राहणारी एसटी पहाटे सहाच्या आसपास सुटते. ती पकडू नका. तुमची गाडी सहाची असली की आक्का चारला उठून धपाटे थापतात. नऊ-दहाची गाडी घ्या आणि ती यायच्या पाऊण तास आधी सगळं आवरलेलं असू द्या, कारण ओटी, फोटो आणि रडणं यांना लागणारा वेळ कुणीच धरत नाही.

खोली तुम्हीच झाडा, पण सकाळी उठल्या उठल्या. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच मागे झाडत नाहीत, त्यामुळे तुम्ही केर ठेवून गेलात तर तो दिवसभर तसाच राहतो आणि आक्कांची चुळबूळ होते. तोच हात फिरवताना चार्जर, औषधाच्या गोळ्या, दांडीवरचा टॉवेल बघून घ्या. याला कारण आहे. एकदा उंबऱ्याबाहेर पडलात आणि विसरलेल्या वस्तूसाठी परत फिरलात तर तसंच पुन्हा निघू देत नाहीत. बसावं लागतं, घोटभर पाणी प्यावं लागतं, मग निघायचं. गाडी दिसत असताना हे फार लांब वाटतं.

मुलींची ओटी भरतात. पाटावर बसायचं, पदर नाहीतर ओढणी दोन्ही हातांनी पसरायची. जीन्स घालून निघणार असाल तर बॅगेत ओढणी वर ठेवा. तांदूळ किंवा गहू, नारळ, खण, हळकुंड, सुपारी ओटीत पडते. त्यातले चार दाणे उचलून त्यांच्या ताटात परत टाकायचे, म्हणजे घर रिकामं केलं असं होत नाही. ती ओटी शेतातच झटकून टाकलेली मी पाहिली आहे. तसं करू नका, रुमालात बांधा आणि घरी नेऊन त्या तांदळाची खीर करा. मुलांना टॉवेल-टोपी घालतात. टोपी गाव सुटेपर्यंत डोक्यावर राहू द्या.

मग दही-साखर हातावर येते. ती चाटून हात धुवायचा, सगळ्यांच्या पाया पडायचं. आणि तोंडातून 'जाते' हा शब्द येऊ द्यायचा नाही. "येते आक्का", "येतो बप्पा". समोरून "या" किंवा "जाऊन ये माय" येतं.

इथेच अजून एक चूक होते. डोळे भरून आले की माणूस काहीही कबूल करतो: दर सणाला येईन, दर महिन्याला फोन करीन, सगळ्यांना मुंबई दाखवीन. गावात हे शब्द लक्षात ठेवले जातात. एकच ठरवा आणि जमेल असं ठरवा. "पुढच्या येळवशीला येते" हे उत्तम. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी ज्याच्या शेतात माणसं जास्त त्याचा मान मोठा. आंबील-भज्जीला तुम्ही आलात की भरून पावतं. त्यांना बोलवायचं असेल तर तारखेसह बोलवा. आजींचं वय ७५ च्या वर असेल तर राज्यात एसटी त्यांना मोफत आहे आणि बायकांना अर्धं तिकीट, हेही सांगा. पुष्कळ आज्या भाड्याच्या विचाराने "बगू की" म्हणतात.

पोचल्यावर

फोन त्याच रात्री करायचा. अकरा वाजले असले तरी करायचा, कारण कुणीतरी जागं असतं. मेसेज टाकून भागत नाही, आवाज ऐकू गेला पाहिजे, आणि "धपाटे खाल्ले का?" या प्रश्नाला हो म्हणायचं असतं. दशम्या आणि धपाटे हिवाळ्यात दोन दिवस चांगले राहतात, तेव्हा ते खरंच खा.

पंधरा दिवसांच्या आत फोटो छापून टपालाने पाठवा. मोबाइलवर पाठवलेले फोटो नातवाच्या फोनमध्ये राहतात, आजींपर्यंत जात नाहीत. चार बाय सहाच्या आकाराचे आठ-दहा पुरतात. त्यात आजींचा एकटीचा, चेहरा नीट दिसणारा, नऊवारीतला एक असू द्या. आमच्या आक्कांकडे मी पाच वर्षांनी गेले तेव्हा तसा एक फोटो भिंतीवर हार घालून लावलेला होता. त्या घरात आजींचा दुसरा फोटोच नव्हता.